हो, नाही पुसली!

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी प्रश्नांचा मोसम सुरू होतो. लोणावळ्याचा पाऊस चार महिने घराच्या भिंतींवर, दारांवर आणि माणसांच्या स्वभावावरही एक हिरवट ओल चढवून जातो. ती उतरवण्याचे काम आश्विनात करावे लागते. त्यातल्या खिडक्या माझ्या वाट्याला आलेल्या आहेत. मी एक खिडकी पुसतो आणि मग तिच्यातून बाहेर बघत बसतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, चकलीच्या सोऱ्याच्या करकरीवर मात करून, प्रश्न येतो,

"अहो, खिडक्या पुसून झाल्या नाहीत का अजून?"

"हो," मी म्हणतो.

"हो म्हणजे काय? झाल्या, की नाही झाल्या?"

हा संवाद आमच्याकडे दर वर्षी होतो. सौभाग्यवतींना वाटते की मी मुद्दाम घोळ घालतो. पण वाचकहो, मी तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे, आणि ह्या एका 'हो'पायी एका गरीब माणसाची नोकरी जाता जाता राहिलेली मी पाहिली आहे. त्या प्रकरणात थोडा दोष माझाही होता. म्हणून खिडकी पुसायचे सोडून ती हकीकत आज सांगतो.

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा लोणावळ्याला राहत असे आणि मावळातल्या, रेल्वेलाइनच्या कडेच्या एका गावी शाळेत शिकवायला जात असे. सकाळची पुण्याची लोकल पकडायची, मळवली मागे टाकायची आणि भाताची खाचरे बघत शाळा गाठायची. दहावीच्या वर्गाला त्या दिवसांत मी 'पॅसिव्ह व्हॉइस' शिकवीत होतो. हा धडा म्हणजे मास्तरांचा मोठा आवडता. त्यात कवितेसारखी हुरहूर नाही, निबंधासारखी अनिश्चितता नाही. कर्माला उचलून पुढे बसवा, कर्त्याला 'बाय' लावून मागे ढकला, क्रियापदाचे तिसरे रूप घ्या, की झाले! फळ्यावर एकच खिडकी काढायची आणि तिला सगळ्या काळांतून हिंडवून आणायचे. 'इज द विंडो क्लीन्ड?' म्हणजे रोजची गोष्ट. 'वॉज द विंडो क्लीन्ड?' म्हणजे कालची. 'हॅज द विंडो बीन क्लीन्ड?' म्हणजे आत्तापर्यंत झाली का ती. 'विल द विंडो बी क्लीन्ड?' म्हणजे उद्याची आशा.

मुले चुका करीत, आणि गंमत अशी की साऱ्या वर्गाच्या चुका नेमक्या दोनच ठिकाणी होत. पहिली, 'डिड द विंडो ब्रोकन?' साध्या भूतकाळाचा प्रश्न 'डिड'ने करायचा हे त्यांनी आदल्या महिन्यात घोकलेले असे. पण 'वॉज ब्रोकन'मध्ये 'वॉज' हा स्वतःचाच मदतनीस हजर आहे. प्रश्न करायचा तर त्यालाच उचलून खिडकीच्या पुढे ठेवायचे आणि नकार हवा तर त्याच्याच शेपटीला 'नॉट' बांधायचा. बाहेरून 'डिड'ला बोलावण्याचे कारण नाही. हे एकदा सांगितले की मुलांना पटे. मदतनीस दोन असले तर हलायचे ते पहिल्यानेच. 'हॅज' पुढे जाईल, 'बीन' जागच्या जागी राहील.

दुसरी चूक मात्र काही केल्या जाईना. 'हॅज द विंडो क्लीन्ड?' असेच मुले लिहीत. 'बीन' गायब! मी लाल शाईने ते भरायचा आणि चिडायचा. "अरे, खिडकीने काय फडके घेऊन घर पुसलं का?" वर्ग हसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही चूक मुलांच्या आळसातून येत नाही, ती आपल्या मराठीतून येते, हे मला फार उशिरा समजले. 'रामाने खिडकी पुसली' हे वाक्य घ्या. इथे 'पुसली' हे स्त्रीलिंगी रूप रामामुळे नाही, खिडकीमुळे आले आहे. रामाने फळा पुसला असता, टेबल पुसले असते. म्हणजे आपल्या भूतकाळात क्रियापद आधीच कर्माच्या मुठीत असते. ह्यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. आता 'रामाने' हा शब्द नुसता गाळा. 'खिडकी पुसली.' झाले काम! इंग्रजाला जे सांगायला 'हॅज बीन क्लीन्ड' अशी तीन शब्दांची वरात काढावी लागते ते आपण एक शब्द खोडून सांगतो. मग मावळातल्या मुलाला 'बीन'ची गरज कुठून वाटणार?

वर्तमानात आणि भविष्यात मात्र आपली ही सोय बंद होते. 'राम खिडकी पुसतो' यातला राम काढला तर वाक्य लंगडे होते. तिथे आपण 'पुसली जाते', 'पुसली जाईल' म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकांत ह्याला नवीन कर्मणी असे नाव आहे आणि ते इंग्रजीच्या वळणाचे मानले आहे. घरात असे कोणी बोलत नाही. घरात बोलतात ते 'पुसून झाली'. ह्यालाही शास्त्रात नाव आहे, समापन कर्मणी. 'माझी खिडकी पुसून झाली', 'त्याचा पेरू खाऊन झाला.' काम संपले एवढेच सांगायचे आणि मोकळे व्हायचे. सौभाग्यवतींचा प्रश्न ह्या समापन कर्मणीतला असतो. त्यांना ते ठाऊक नसते, पण प्रयोग मात्र कधी चुकत नाही.

तर त्या दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील लोणावळ्यात, तुंगार्लीच्या बाजूला, मुंबईच्या एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. मालक अधूनमधून येत. ते बरीच वर्षे विलायतेत राहिलेले, मराठी जुजबी आणि इंग्रजी मात्र अस्खलित. दिवाळीच्या सुमारास मावळात भाताची कापणी येते. पीक उभे राहिले आणि अवकाळी सर आली तर वर्षाचे अन्न मातीत जाते. म्हणून माळीबुवा चार दिवस गावी कापणीला गेले आणि बंगला पोरावर सोपवून गेले. नेमके त्याच दिवशी मालक, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन, कळवल्यापेक्षा दोन दिवस आधी येऊन थडकले.

बंगल्यात दोन गोष्टी घडलेल्या होत्या. श्रावणातल्या एका वादळी रात्री माडीवरच्या खिडकीची काच फुटली होती. माळीबुवांनी बाजारातून नवी काच कापून आणली, पुट्टी लावून बसवली आणि तिचे बावीस रुपये हिशेबात लिहून मालकांना कळवले. दुसरी गोष्ट अशी की मागल्या अंगणातली पाण्याची टाकी पावसाळ्यानंतर धुवायची होती. बूच काढून पाणी सोडायचे, काथ्याच्या ब्रशाने शेवाळ घासायचे, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन एक दिवस कोरडी ठेवायची, असा तो पुरा दोन दिवसांचा उद्योग. मालक येण्याआधी परत येऊन तो करायचा, असा बेत माळीबुवांनी केला होता. टाकीच्या तळाशी जांभळीच्या पानांचा राडा तसाच होता.

मालकांनी मुलाला समोर बोलावले. तो इंग्रजी शिकतो हे कळल्यावर इंग्रजीतच विचारले. आधी टाकीचे.

"हॅजन्ट द टँक बीन क्लीन्ड?"

मुलाने मनात भाषांतर केले, टाकी धुतलेली नाही का? टाकी धुतलेली नव्हती. त्याने खरे ते सांगितले. "येस, सर."

मालकांना वाटले, चला, धुतलेली आहे. मग त्यांनी माडीवरची ताजी पुट्टी दाखवली. बावीस रुपयांचा हिशेब त्यांना आठवत असावा.

"वॉजन्ट द विंडो ब्रोकन?"

मुलाने पुन्हा भाषांतर केले, खिडकी फुटली नव्हती का? साहेबांच्या कपाळावरची आठी पाहून त्याला वाटले, हे आपल्यावर अविश्वास दाखवताहेत, खिडकी फुटलीच नव्हती असे म्हणताहेत. त्याने घाईघाईने तो संशय खोडून काढला. "नो, सर!"

झाले! संध्याकाळी म्हातारीच्या पेल्यात तांबूस पाणी आले आणि पाण्यात पानाचा तुकडा. मालकांनी टाकीचे झाकण उघडून पाहिले. सकाळी निरोप गावी गेला. मुलगा खोटे बोलतो, बाप न फुटलेल्या काचेचे पैसे घेतो, दोघांनीही बंगला सोडावा.

तो मुलगा शाळेत आला तो रडतच. "सर, म्या खरं त्येच सांगितलं," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्याकडून दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरे म्हणवून घेतली आणि मला घाम फुटला. ही वाक्ये माझीच होती! आठवड्यापूर्वी मीच ती फळ्यावर लिहिली होती, 'वॉज'चे 'वॉजन्ट' आणि 'हॅज'चे 'हॅजन्ट' करून घेतले होते आणि पंचवीस मुलांच्या वह्यांवर 'बरोबर' अशी खूण केली होती. अशा प्रश्नाला उत्तर काय द्यायचे ते मात्र मी सांगितलेच नव्हते. धड्याखाली तसे स्वाध्यायच नव्हते. प्रश्नाचे रूप बदलता आले की पाच गुण मिळत, उत्तराचे शून्य.

संध्याकाळी मी आणि माळीबुवा त्या बंगल्यावर गेलो. माळीबुवा वाटेत एकच वाक्य बोलले. "मास्तर, बावीस रुपयांसाठी मी इमान इकनार न्हाई." मी काहीच बोललो नाही.

मालक सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितले. मी म्हटले, "आपली हरकत नसेल तर मी ह्या मुलाला तुमच्यासमोर मराठीत तेच प्रश्न विचारतो. तुमच्या मातोश्रींना मराठी येतं, त्या ऐकतील." म्हातारीने मान हलवली.

"काय रे, टाकी धुतलेली नाही का?"

"व्हय सर, न्हाई धुतली."

म्हातारी चमकली. मुलाकडे, मग लेकाकडे पाहून ती इंग्रजीत म्हणाली, की तो काल जे म्हणाला तेच आज म्हणतो आहे, फक्त काल अर्धेच म्हणाला.

तिने एका वाक्यात सांगितले ते समजावून द्यायला मला पाव तास लागला. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' हे वस्तुस्थितीला चिकटलेले असतात. टाकी धुतली असेल तर 'येस', नसेल तर 'नो', मग प्रश्न सरळ असो की उलटा. 'हॅज'ने विचारा, नाहीतर 'हॅजन्ट'ने विचारा, उत्तर बदलत नाही. मराठीतला 'हो' पुष्कळदा विचारणाऱ्याच्या समजुतीला दिलेला असतो. 'धुतली नाही का?' असे कोणी विचारले, की आपण त्याच्या मनातली शंका ओळखतो आणि म्हणतो, 'हो, तुमचा तर्क खरा, नाही धुतली.' तर्क चुकीचा असेल तर म्हणतो, 'नाही, नाही, धुतली की!' मुलाने दोन्ही वेळा हेच केले. टाकीच्या बाबतीत साहेबांची शंका खरी होती म्हणून 'येस', खिडकीच्या बाबतीत खोटी होती म्हणून 'नो'. दोन्ही उत्तरे मराठीत प्रामाणिक आणि इंग्रजीत नेमकी उलटी!

मालकांनी मला मोठा चोख प्रश्न केला. मग मराठी लोकांचा आपसात घोटाळा कसा होत नाही? मी थोडा विचार केला. खरे म्हणजे आपलाही नियम पक्का नाही. 'टाकी धुतली नाही का?' ह्याला कोणी 'हो, नाही धुतली' म्हणतो, कोणी 'नाही, नाही धुतली' म्हणतो. 'चहा घेणार नाही का?' असे पाहुण्याला विचारले आणि तो 'हो' म्हणाला, तर आधण चढवायचे असते. प्रश्नाचा सूर होकाराची अपेक्षा करणारा असला तर आपला 'हो' इंग्रजी 'येस'सारखाच वागतो. पण आपण 'हो'वर थांबत नाही. त्याच्यामागून क्रियापद येतेच, 'नाही धुतली', 'फुटली की', 'घेतो ना'. अर्थ त्या क्रियापदात असतो आणि 'हो' पुढे हाळी घालणाऱ्या भालदारासारखा नुसता येऊन जातो. मुलगा इंग्रजीत बोलायला घाबरला, भालदार तेवढा पुढे आला आणि राजा मागेच राहिला.

टाकीचा उलगडा झाला. खिडकी राहिली होती. मालक जरा नरमले होते, पण मान्य करायला पुरावा हवा होता. ते म्हणाले, काच फुटली होती हे कशावरून? आणि फुटली ती कोणी फोडली?

इथे पुन्हा इंग्रजी आड आली. 'वॉज द विंडो ब्रोकन?' ह्या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक, खिडकी तेव्हा फुटक्या अवस्थेत होती का? दुसरा, ती फोडण्याची घटना घडली का? इंग्रजी वाक्य दोन्हींना तेच आणि ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. मराठीत 'फुटलेली होती का?' हा एक प्रश्न, 'फोडली गेली का?' हा दुसरा, आणि ह्या दोहोंच्या मधे आपला लाडका तिसरा, 'फुटली का?' फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, फाटणे आणि फाडणे, अशा जोड्या आपल्याकडे आहेत. वाऱ्याने आपटून खिडकी 'फुटली', तर तिथे फोडणाऱ्याचा शोधच नको. पुसण्याला आणि धुण्याला मात्र अशी जोडी नाही. खिडकी आपोआप फुटते, पण आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी कोणाचे तरी मनगट लागते, हे भाषेला पक्के ठाऊक आहे.

मी हे सांगत होतो तोवर माळीबुवा उठून मागल्या खोलीत गेले. येताना त्यांच्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो मालकांसमोर ठेवून झाकण काढले. आत काचेचे तुकडे होते, धुऊन पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले. "कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून उचलले," ते म्हणाले, "आन् तुमी कदी इचारलं, तर दाखवायला ठेवले."

कोणीच काही बोलले नाही. मग मालकांनी डब्याचे झाकण स्वतः लावले. मुलाकडे वळून ते सावकाश, प्रत्येक शब्द तोडून, इंग्रजीत म्हणाले, की चूक माझी झाली, मी प्रश्न सरळ विचारायला हवा होता. माळीबुवांची नोकरी राहिली. टाकी दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून धुतली. मास्तरानेही हात लावला, कारण शेवाळातला काही वाटा आपला आहे असे त्याला वाटत होते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी वर्गात गेलो आणि तोच धडा पुन्हा काढला. मुले कुरकुरली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. माझ्या वर्गात नकारार्थी प्रश्नाला नुसते 'येस' किंवा 'नो' चालत नसे. 'हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?' असे विचारले, की उत्तर 'नो, इट हॅजन्ट' किंवा 'येस, इट हॅज' असेच पुरे यायला हवे. प्रश्नात जो मदतनीस पुढे आला तोच उत्तरात परत आणायचा. 'वॉज'ला 'वॉज', 'हॅज'ला 'हॅज', 'विल'ला 'विल'. 'येस'च्या मागे 'नॉट' येता कामा नये आणि 'नो'च्या मागे तो यायलाच हवा. ह्या खुणेने मुलांना आपली चूक आपल्यालाच पकडता येई. 'येस, इट हॅजन्ट' असे तोंडातून निघाले की जीभ अडखळे आणि मुलगा स्वतःच हसे. शिवाय 'हॅजन्ट'मधला तो शेवटचा 'न्ट' इंग्रजी बोलणारे इतका गिळतात की घाईत तो ऐकूही येत नाही. उत्तर पुरे दिले, की प्रश्न चुकीचा ऐकला असला तरी अर्थ चुकत नाही.

तो मुलगा पुढे रेल्वेत लागला. आता तोही निवृत्तीला आला आहे. मागच्या दिवाळीत फराळाला आला होता. मी त्याला विचारले, "काय रे, बंगल्यावरची ती काच अजून बदलली नाही का?" तो हसला आणि शाळेतल्यासारखा ताठ बसून म्हणाला, "नो सर, इट हॅजन्ट बीन चेंज्ड. बाबांनी बसवलेलीच आहे."

एवढे लिहून होईपर्यंत ऊन खिडकीवर आले आहे आणि काचेवरचे माझ्या फडक्याचे अर्धवट वळसे स्पष्ट दिसू लागले आहेत. चकल्या तळून झाल्याचा वास येतो आहे. आतून पुन्हा आवाज आला.

"अहो, ती एक खिडकीसुद्धा अजून पुसली नाही का?"

तीस वर्षांच्या मास्तरकीला स्मरून मी आज पुरे उत्तर दिले.

"हो, नाही पुसली!"